‘एक छान लेबल करून दे’

२०२३च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या एका काकूंचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला. ‘अगं, मसाल्याचं एक छान लेबल करून दे. दिवाळीच्या आत हवं. फार महाग नको.’ खाली हात जोडलेले दोन इमोजी.

मी पुण्यात घरूनच डिझाइनची कामं करते. लेबलं, पुस्तकांची मुखपृष्ठं, लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या. माझी निम्मी कामं अशाच एका ओळीने सुरू होतात. पूर्वी मी लगेच ‘हो’ म्हणायचे, अंदाजाने पाच-दहा हजार सांगायचे आणि कामाला लागायचे. मग तीन महिन्यांनी ते काम गळ्यात धोंड्यासारखं लटकलेलं असायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, ही बाई काम संपवत नाही. मी म्हणायचे, ही माणसं मागण्या संपवत नाहीत. दोघांचंही खरं असायचं, कारण काम कुठे संपतं हे आम्ही कधी ठरवलेलंच नसायचं.

आमच्या धंद्यात या ठरवाठरवीला ‘ब्रीफ’ म्हणतात. काकूंना मी म्हटलं, ‘आधी एक कामाचा कागद करू.’ त्या हसल्या. ‘लेबलाला कसला कागद?’ शेवटी तो कागद दीड पानांचा झाला. तो कसा झाला हेच इथे सांगते. घरगुती धंदा करणारे, बचतगट, छोटे प्रकाशक, हॉलवाले अशा कितीतरी लोकांना स्वतंत्र डिझायनरकडून काम करून घ्यावं लागतं, पण त्याच्याशी बोलायचं काय हे कुणी सांगितलेलं नसतं.

पहिला प्रश्न साधा होता. लेबल म्हणजे नक्की किती लेबलं? काकू गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला आणि मेतकूट विकतात. प्रत्येकाचं १०० ग्रॅमचं आणि २५० ग्रॅमचं पाकीट. पाकिटाला पुढे एक स्टिकर आणि मागे एक. तीन गुणिले दोन गुणिले दोन. ‘एक छान लेबल’ म्हणजे बारा फायली! काकूंनी मला फसवलं नव्हतं. त्यांच्या मनात खरंच एकच लेबल होतं, गोड्या मसाल्याचं. बाकीची ‘त्यातलंच नाव बदलून’ होतील असं त्यांनी धरलेलं. नाव बदलून होतातही, पण ‘मेतकूट’ चार अक्षरांत आटपतं आणि ‘कांदा-लसूण मसाला’ दोन ओळी खातो, मागच्या घटकांच्या यादीची लांबी वेगळी असते, म्हणजे मांडणी पुन्हा जुळवावी लागते. म्हणून एका मूळ डिझाइनचे पैसे वेगळे आणि त्यावरून केलेल्या प्रत्येक जुळवणीचे वेगळे धरायचे.

बाराचा आकडा ऐकून काकू गप्प झाल्या. मग त्यांनीच विचारलं, ‘दोन्ही वजनांना एकच स्टिकर नाही चालणार?’ चालणार होता. वजन, किंमत, पॅकिंगची तारीख आणि बॅच नंबर यांसाठी मागच्या स्टिकरवर एक कोरी चौकट सोडायची आणि ते शिक्क्याने मारायचं. मोठ्या पाकिटावर स्टिकर जरा लहान दिसेल, एवढंच. बाराचे सहा झाले. शाई न विटता कागदावर काही हजार रुपये वाचले. मात्र कागदात आणखी एक ओळ वाढली. मागच्या स्टिकरला चकचकीत लॅमिनेशन नको, कारण त्यावर शिक्क्याची शाई धरत नाही, बोट लागलं की पुसते. ही गोष्ट छपाई झाल्यावर कळली असती तर सगळा माल हातात घेऊन बसावं लागलं असतं.

मग माप. काकूंनी ‘नेहमीचं’ असं माप कळवलं. मी त्यांना मसाला भरून सील केलेली दोन पाकिटं कुरिअरने पाठवायला सांगितलं. रिकामं पाकीट टेबलावर सपाट पडतं. भरलं की त्याचं पोट पुढे येतं आणि तळाची घडी उघडते. स्टिकर त्या घडीच्या जवळ गेला की खालची कड सुरकुतते आणि चार दिवसांत सुटायला लागते. कोरे कागद कापून, पाकिटावर चिकटवून पाहिलं तेव्हा ९० बाय १२० मिलिमीटर हे माप बसलं. छापखान्यात कटिंगची सुरी केसभर इकडेतिकडे होतेच, म्हणून चारही बाजूंनी ३ मिलिमीटर रंग जास्तीचा सोडायचा. त्याला ब्लीड म्हणतात. म्हणजे फाइल ९६ बाय १२६ची.

शेवटी हातात काय द्यायचं हेही लिहिलं. छपाईसाठी सीएमवायके रंगांतली पीडीएफ, अक्षरं कर्व्ह केलेली. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला प्रत्येक लेबलाचं एक चित्र. आणि पूर्ण पैसे मिळाल्यावर ओपन फाइल, म्हणजे उद्या पत्ता बदलला तर दुसऱ्या कुणालाही ज्यात बदल करता येईल ती मूळ फाइल. प्रदर्शनातल्या स्टॉलचा बॅनर आणि इन्स्टाग्रामच्या पोस्ट यात नाहीत, असंही लिहिलं. काय नाही हे लिहिताना जरा कंजूषपणा वाटतो, पण भांडणं नेमकी तिथेच होतात.

अक्षरं कर्व्ह करण्याचा आग्रह मी का धरते, त्यामागे माझीच एक फजिती आहे. सुरुवातीच्या दिवसांत एका लोणच्याच्या लेबलाची फाइल मी तशीच छापखान्यात दिली. मी वापरलेला फॉन्ट तिथल्या संगणकावर नव्हता. त्याने त्याच्या मनाने दुसरा फॉन्ट घेतला. इंग्रजीत असं झालं तर अक्षराचं वळण बदलतं, मजकूर वाचता तरी येतो. देवनागरीत जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलत्या अक्षरावर जाऊन बसतात. ‘प्रक्रिया’ या शब्दाचे पाय मोडून पडले होते आणि तसे दोन हजार स्टिकर छापून आले. छापखान्याने प्रूफ दाखवलं नव्हतं, मी मागितलं नव्हतं. कर्व्ह केलं की अक्षराचं चित्र होतं, मग फॉन्ट असो वा नसो.

आता लेबल कसं दिसावं हा प्रश्न. काकूंचं पहिलं उत्तर होतं, ‘पारंपरिक, पण मॉडर्न.’ हे उत्तर मला दर महिन्याला किमान दोनदा मिळतं आणि त्यातून काहीही कळत नाही. म्हणून मी म्हटलं, आवडलेल्या तीन गोष्टींचे फोटो पाठवा. मसाल्याच्याच असायला पाहिजेत असं नाही. प्रत्येकीत काय आवडलं ते एका वाक्यात लिहा. आणि अजिबात नको अशी एक गोष्ट पाठवा.

त्यांनी सासूबाईंच्या पाककृतींच्या वहीचं पान पाठवलं, घरातल्या पितळी डब्याचा फोटो पाठवला आणि एका परदेशी चहाच्या हिरव्या खोक्याचा. खोकं पाहून मी हिरव्या रंगाच्या दिशेने निघणारच होते. त्यांचं वाक्य वाचलं, ‘याच्यावर गर्दी नाहीये, म्हणून छान वाटतं.’ त्यांना रंग आवडलाच नव्हता, मोकळी जागा आवडली होती. ते वाक्य नसतं तर मी हिरवी लेबलं करून पाठवली असती आणि एक फेरी फुकट गेली असती. नको असलेल्या गोष्टीत त्यांनी लिहिलं होतं, ‘नऊवारीतली बाई, जातं आणि मिरच्यांचा हार.’ या एका ओळीने माझे बरेच दिवस वाचवले, कारण माझ्या पहिल्या कच्च्या चित्रात जातं होतं. आता सांगायला हरकत नाही.

अक्षराबद्दल त्या फोनवर म्हणाल्या, ‘ते जुन्या नाटकांच्या जाहिरातींत असायचं ना, तसं.’ म्हणजे कमल शेडगे यांच्यासारखं. पण शेडग्यांची खासियतच ही की प्रत्येक नाटकाचं अक्षर निराळं, त्या नाटकाचा स्वभाव घेऊन आलेलं. ‘शेडग्यांसारखं’ म्हणजे कुठल्या नाटकासारखं? दोघींनी जुन्या जाहिरातींचे नमुने पाहिले तेव्हा कळलं की काकूंना हाताने काढलेलं, शिरोरेघ जाड असलेलं अक्षर हवं होतं. कागदात तेवढंच लिहिलं. कुणाचं नाव लिहिलं की नक्कल मागितल्यासारखं होतं. नक्कल करून घ्यायची नाही हे गिऱ्हाइकालाही कळायला हवं. दुसऱ्याच्या पाकिटासारखं हुबेहूब पाकीट बाजारात आणलं तर नोटीस धंदेवाल्याच्या पत्त्यावर येते.

रंगाबाबत मात्र फोटोवर विसंबू नये. फोनचा पडदा उजेडाने रंग दाखवतो, छापखाना शाईने. पडद्यावरचा झगझगीत केशरी कागदावर विटकरीकडे झुकतो. आणि इथे आणखी एक अडचण होती. काकूंची पाकिटं पारदर्शक. गोडा मसाला जवळजवळ काळा दिसतो, कांदा-लसूण लालभडक. लाल मसाल्यावर लाल लेबल म्हणजे लेबलच नाही. म्हणून भरलेली पाकिटं पुन्हा उपयोगी पडली. तिन्ही लेबलांचा पाया कोऱ्या कागदाच्या पिवळसर रंगाचा ठरला आणि मसाल्यागणिक फक्त एक पट्टी बदलायची असं ठरलं.

इथवर सगळं गोडीगुलाबीत झालं. खरी घासाघीस झाली ती फेऱ्यांवर. मी लिहिलं, ‘दुरुस्तीच्या दोन फेऱ्या.’ काकू म्हणाल्या, ‘बरं.’ पण फेरी म्हणजे काय? मी एक डिझाइन पाठवते. सकाळी काका म्हणतात नाव मोठं करा. दुपारी बंगळुरूहून मुलगा कळवतो, पट्टी काढून बघा. रात्री नणंद म्हणते, लोगो डावीकडे हवा होता. या किती फेऱ्या झाल्या? त्यांच्या मते एकही नाही, कारण ‘अजून आमचं घरात बोलणं चाललंय’. माझ्या मते तीन, कारण तीनदा फाइल उघडली.

म्हणून कागदात फेरीची व्याख्या आली. फेरी म्हणजे एकाच माणसाने, एकाच वेळी, एकाच यादीत कळवलेले सगळे बदल. तो माणूस काकू. घरच्यांनी काय भांडायचं ते आपसात भांडावं, माझ्याकडे यादी काकूंची येईल. यादीत परस्परविरोधी दोन गोष्टी असल्या तर मी हात न लावता यादी परत पाठवेन. हे शेवटचं वाक्य काकूंनीच घालायला लावलं. त्यांना आपलं घर ठाऊक होतं.

त्याखाली आणखी तीन ओळी होत्या आणि माझ्या मते सगळ्या कागदाचा जीव त्या तीन ओळींत आहे. पहिली, चूक माझी असेल, म्हणजे दिलेला मजकूर मी चुकीचा टाइप केला असेल, तर दुरुस्ती कधीही फुकट, ती फेरीत मोजायची नाही. दुसरी, मजकूर तुम्ही बदललात तर तो बदल फेरीत मोजायचा. तिसरी, एकदा मान्य केलेली दिशाच बदलायची असेल, म्हणजे पट्टीऐवजी चित्र, पिवळ्याऐवजी हिरवं, तर ती फेरी नाही, नवं काम. दोन फेऱ्यांनंतरच्या प्रत्येक फेरीला १,५०० रुपये आणि चार दिवस जास्त.

मजकुरासाठी वेगळी तारीख ठेवली. सगळा मजकूर टाइप केलेला, एकाच फाइलमध्ये, ५ सप्टेंबरच्या आत. घटकांची यादी, पत्ता, ग्राहकांनी तक्रार करायचा फोन, एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर. शाकाहारी खूण, म्हणजे चौकोनातला हिरवा ठिपका, किती मोठा असावा हे लेबलाच्या दर्शनी भागाच्या क्षेत्रफळावर नियमाने ठरलेलं आहे, ते मी बघायचं. मात्र मजकूर बरोबर आहे की नाही याची जबाबदारी काकूंची. डिझायनर शुद्धलेखन पाहील, पण लायसन्सचा नंबर बरोबर आहे का हे त्याला कसं कळणार? छापायला जाण्याआधी काकूंनी प्रूफवर सही करून फोटो पाठवायचा, तोही कागदावर छापलेल्या प्रूफवर. पडद्यावर वाचताना डोळा सवयीने पुढे सरकतो.

पहिल्या फेरीची यादी आली तेव्हा त्यात एक ओळ होती, ‘नाव मोठं कर.’ मी विचारलं, का? काकूंनी प्रिंट पाकिटावर लावून ओळखीच्या दुकानात फळीवर ठेवून पाहिलं होतं आणि लांबून ‘गोडा’ हा शब्द वाचता येत नव्हता. मोठं करायला जागा नव्हती. अडचण आकाराची नव्हतीच. अक्षराच्या बारीक रेषा लांबून विरत होत्या. त्या जाड केल्यावर त्याच आकारात नाव दिसायला लागलं. ‘मोठं कर’ हा उपाय होता आणि चुकीचा होता. ‘लांबून वाचता येत नाही’ ही तक्रार होती आणि ती नेमकी होती. तेव्हापासून माझ्या कागदात यादीच्या वरच लिहिलेलं असतं, काय करायचं ते लिहिलं नाही तरी चालेल, काय खटकतं ते लिहा.

तारखा आम्ही उलट्या मोजल्या. दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, पण काकूंचं प्रदर्शन २८ ऑक्टोबरला. त्याआधी पॅकिंगचे तीन दिवस. २४ला दसरा, त्या दिवशी कामाला माणूस मिळणार नाही. म्हणजे स्टिकर सांगलीत २३ला हवेत. छपाईला सहा दिवस. म्हणजे १६ला सकाळी फाइल छापखान्यात. सगळं व्यवस्थित बसत होतं. तेवढ्यात काकू म्हणाल्या, ‘पण पितृपक्षात मी काही फायनल करणार नाही हं.’ पितृपक्ष संपत होता १४ला, घटस्थापना १५ला. म्हणजे होकार १५ला, रविवारी, आणि १६ला छपाई. मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही.

श्रद्धेशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी विचारलं, ‘पितृपक्षात चुका काढलेल्या चालतील ना?’ त्या म्हणाल्या, चुका काढायला काय हरकत आहे. मग कागदात दोन तारखा लिहिल्या. दुसऱ्या फेरीची यादी २८ सप्टेंबरपर्यंत, अनंत चतुर्दशीला. प्रूफ तपासून चुका कळवायची तारीख ८ ऑक्टोबर. १५ला फक्त ‘हो’ म्हणायचं. आणि खाली एक ओळ, तुमच्याकडून जितके दिवस उशीर होईल तितके दिवस माझी तारीख आपोआप पुढे जाईल. उशिराची जबाबदारी एकट्या डिझायनरवर टाकणारा कागद म्हणजे अर्धाच करार.

पैशाचं थोडक्यात सांगते. गोड्या मसाल्याच्या मूळ डिझाइनचे, पुढचं-मागचं मिळून, १२,००० रुपये. दोन जुळवण्यांचे प्रत्येकी ३,०००. एकूण १८,०००. निम्मे म्हणजे ९,००० काम सुरू करताना, ५,४०० पहिली दिशा मान्य झाल्यावर, उरलेले ३,६०० ओपन फाइल देताना. कच्ची चित्रं पाहिल्यावर काम थांबवलं तर आगाऊ रक्कम परत नाही. छपाईचा खर्च यात नाही, तो काकू थेट छापखान्याला देतील. मधे कमिशन खाणारे डिझायनरही असतात, म्हणून हे आधीच विचारून घ्यावं. मोठ्या कंपन्या ‘बिल आलं की बघू’ म्हणतात. डिझायनरची उद्यम नोंदणी असेल तर एमएसएमई कायद्याने लेखी करारातही ४५ दिवसांपलीकडची मुदत ठेवता येत नाही. काकूंच्या बाबतीत याची गरज नव्हती, त्यांनी पहिला हप्ता त्याच संध्याकाळी पाठवला.

एका ओळीवर मात्र त्या अडल्या, हक्कांच्या. ‘मी पैसे दिले म्हणजे लेबल माझंच की!’ बहुतेकांना असंच वाटतं. १९५७चा कॉपीराइट कायदा मात्र वेगळं सांगतो. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचे हक्क सहसा मालकाचे. स्वतंत्र डिझायनरने केलेलं डिझाइन मात्र सहसा लिहून दिल्याशिवाय त्याचंच राहतं. लिहून देतानाही मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. काकूंची एक भाची दुबईला मसाले नेते. म्हणून लिहिलं, पूर्ण रक्कम मिळाल्यावर या सहा लेबलांचे सर्व हक्क कायमचे आणि जगभरासाठी तुमचे, मला फक्त माझ्या कामाचा नमुना म्हणून दाखवण्याची मुभा. नाकारलेली चित्रं माझी. खाली दोघींच्या सह्या. त्या सहीखेरीज वरच्या ओळीला किंमत नाही.

दोन फेऱ्यांत काम झालं. ८ तारखेला प्रूफमधून एकच चूक निघाली, पिनकोडमधला एक आकडा. दिलेल्या मजकुरात तो बरोबर होता, म्हणजे चूक माझी. फुकट दुरुस्त झाली.

१५ ऑक्टोबरला सकाळी काकूंचा ‘हो’ आला, सोबत घटाचा फोटो. अकरा वाजता मुलाचा बंगळुरूहून थेट मला निरोप, ‘ताई, एकदा हिरव्यात बघूया का?’ मी कागदातल्या दोन ओळींचा फोटो काढून काकूंना पाठवला, नवी दिशा म्हणजे नवं काम ही एक आणि उशिराच्या दिवसांची दुसरी. दहा मिनिटांनी उत्तर आलं.

‘त्याला म्हटलं, हिरवं पाहिजे तर चटणी विक.’